सडा, व्हाळ आणि हरकतीचा कागद: या चुका टाळा

गेली पंधरा-सोळा वर्षं मी कोकणातल्या गावांना, प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळण्याआधी जी जनसुनावणी होते, तिच्या हरकती लिहायला मदत करतो आहे. कधी खाण असते, कधी बंदर, कधी धरण. प्रकल्प बदलतात, पण चुका त्याच असतात. त्या भाषेच्या नसतात आणि कायद्याच्याही फारशा नसतात. हे जंगल किंवा ही नदी नेमकी कशासाठी वाचवायची, हे मनाशी न ठरवता लोक लिहायला बसतात आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते.

वाचवण्याची कारणं दोन जातींची असतात. आमच्या घरी एक बैल होता. शेवटची चार वर्षं तो औताला चालत नव्हता, तरी त्याला बाजारात न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. औताला चालत होता तोवर तो कामाचा होता, आणि हे त्याचं उपयोगमूल्य. काम संपल्यावरही त्याला वैरण घालत राहिलो ते त्याच्या अंगभूत मूल्यासाठी. तत्त्वज्ञानाची मंडळी यांना साधनमूल्य आणि स्वतोमूल्य म्हणतात. जंगलालाही ही दोन्ही मूल्यं असतात. पण कागदावर तुम्ही कोणतं मांडता, त्यावर समोरून कोणतं उत्तर येणार हे ठरतं. खालच्या सगळ्या चुका याच एका गोष्टीभोवती फिरतात.

चूक पहिली: अख्खी हरकत उपयोगावर उभी करणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत एका गावाने मोजली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव. वर सडा, पायथ्याला वाड्या, मधून व्हाळ म्हणजे ओढा. सड्यावर खाण येणार होती. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. वरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण आतून सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं, चिकण मातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. त्या झऱ्यांवर गावाच्या विहिरी, पोफळीच्या बागा आणि व्हाळ चालायचा. खाणीने कातळ कापला की ही सगळी वाट तुटते.

आम्ही अकरा मुद्द्यांची हरकत लिहिली. पिण्याचं पाणी, बागेचं पाणी, गुरांचं पाणी, उन्हाळ्यातली टंचाई. अकराही मुद्दे पाण्याचे आणि प्रत्येकात ‘आम्हाला’ हा शब्द. लिहून झाल्यावर मला वाटलं, आता याला उत्तरच नाही.

सुनावणीनंतर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण नवख्यांना वाटतं की मंडपात टाळ्या पडल्या म्हणजे जिंकलो. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि सुनावणीची व्यवस्था प्रदूषण नियंत्रण मंडळ बघतं. सगळ्याचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं जातं. मग लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर कंपनीचं म्हणणं असा तक्ता तयार होतो. एका रकान्यात तुमचा मुद्दा, शेजारी कंपनीचं उत्तर, आणि अंतिम अहवालात त्याच्यापुढे खर्चाची तरतूद. वरची तज्ज्ञ समिती हे कागद वाचते. तुमच्या आवाजातला राग तिथपर्यंत जात नाही, तक्ता जातो.

आमच्या तक्त्यात अकरा मुद्द्यांसमोर मिळून चारच उत्तरं होती. दोन कूपनलिका, एक साठवण टाकी, घरोघरी नळ आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. पुढे रक्कम. कागदापुरता विषय संपला.

मी तो तक्ता रात्री तीनदा वाचला. कंपनीने आमच्या म्हणण्यात काहीच फिरवाफिरवी केली नव्हती. झरा का हवा, तर आम्हाला पाणी मिळतं म्हणून, असं आम्हीच लिहिलं होतं. त्यांनी पाणी दुसऱ्या वाटेने द्यायची तयारी दाखवली. मग झरा कशाला हवा, या प्रश्नाचं उत्तर आमच्या सात पानांत कुठेच नव्हतं.

ते उत्तर सुनावणीत एक आजी देऊन गेल्या होत्या. माईकसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “साहेब, मला नळाने पाणी द्याल. व्हाळातल्या खेकड्यांना कुठल्या नळाने द्याल?” लोक हसले, अध्यक्षही हसले आणि इतिवृत्तात ते वाक्य आलं नाही. मी शेजारीच उभा होतो. हे नोंदवून घ्या, असं सांगायचं मला सुचलं नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. हरकतीचा कच्चा मसुदा झाला की प्रत्येक वाक्याच्या समासात मी पेन्सिलीने ‘प’ लिहितो. प म्हणजे पर्याय. ‘याच्या बदल्यात पैसे, टाकी, रस्ता किंवा दुसरीकडे झाडं दिली तर हे वाक्य गप्प होतं का?’ होत असेल तर प. समासात प शिवाय काहीच उरलं नाही, तर ती हरकत म्हणजे मागण्यांची यादी झाली. मसुदा परत लिहायला घ्यायचा.

याचा अर्थ पाण्याचा मुद्दा काढून टाका असा अजिबात नाही. उपयोगाचा मुद्दा हवाच, फक्त तो मोजून मांडा. झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघा. वीस सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला 43,200 लिटर. ऑक्टोबर ते मे, दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच जागी, तीच बादली. आठ आकड्यांची ही वही समोर ठेवली की टँकरची भाषा सैल पडते, कारण तेवढं पाणी रोज टँकरने आणायचं म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. मात्र हे आठ महिन्यांचं काम आहे. सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी येते, त्यामुळे ती हातात पडल्यावर बादली शोधून उपयोग नसतो.

चूक दुसरी: झाडाची किंमत रुपयांत सांगणं

“काका, एक झाड वर्षाला 74,500 रुपयांचं असतं, सुप्रीम कोर्टाच्या समितीने सांगितलंय. आपली चार हजार झाडं आहेत. गुणाकार करून टाकतो.” असं सांगणारा एक तरी उत्साही मुलगा मला दर सुनावणीला भेटतो.

आकडा खरा आहे. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडं तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तो दिला होता आणि 2021 मध्ये तो सगळीकडे फिरला. पण त्या 74,500 मधले 45,000 रुपये एकट्या ऑक्सिजनचे आहेत. हवेतला ऑक्सिजन ही काही टंचाईची वस्तू नाही आणि जुनं, भरलेलं जंगल जितका ऑक्सिजन सोडतं जवळपास तितकाच श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात वापरतं. समोरच्या तज्ज्ञाने एवढं एकच वाक्य बोललं तरी तुमच्या गुणाकाराचा मोठा भाग गळून पडतो आणि त्याच्याबरोबर तुमचे खरे मुद्देही लोकांना संशयास्पद वाटू लागतात.

याहून मोठी अडचण पुढे आहे. किंमत सांगितली की ती भरता येते. आपल्याकडे वनजमीन वळती करताना तिचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलाच्या पुढच्या फायद्यांची आजची किंमत, वसूल करतात. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर जंगलाच्या प्रकाराप्रमाणे हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये होते, अभयारण्यात त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानात दहापट. पुढे ते वाढले. हा दर जंगलाच्या नुकसानीची भरपाई म्हणून होता. मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तो एक खर्चाची ओळ होऊन बसतो. मग जंगलाचं काय झालं असं कुणी विचारत नाही, पैसे भरले का एवढंच विचारतात.

किंमत बाजाराच्या हातात असते, हे सांगायला मी कोस्टारिकाचं उदाहरण देतो. तिथे फिंका सांता फे नावाचा कॉफीचा मळा होता आणि मळ्याला लागून जंगलाचे दोन तुकडे, एक 46 हेक्टरचा, दुसरा 111 हेक्टरचा. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जंगलातल्या मधमाश्या कॉफीच्या फुलांवर येतात आणि जंगलापासून एक किलोमीटरच्या आतल्या झाडांचं उत्पन्न सुमारे 20 टक्क्यांनी वाढतं. मळ्याच्या हिशोबात हा फायदा वर्षाला सुमारे 60,000 डॉलर. जंगल राखणं परवडतं, याचा हा पुरावा म्हणून जगभर गाजला. पुढे कॉफीचे भाव पडले, मळ्याने कॉफी उपटली आणि अननस लावला. अननसाला फळ धरायला मधमाशी लागत नाही. जंगल तेच, झाडं तीच, मधमाश्या त्याच, पण त्या मळ्याच्या हिशोबात त्यांची किंमत शून्यावर आली.

कोकणात हे परकं वाटायचं कारण नाही. आज बागेच्या परागीभवनासाठी शेजारची झाडांची राई राखा म्हणाल, तर उद्या बाग विकून तिथे प्लॉट पडल्यावर राई कशासाठी राखायची? ज्याच्या पायावर वाद उभा केला तो पायच उद्या कुणीतरी विकू शकतो.

रुपये कधी वापरायचे, तर समोरच्याने आपल्या हिशोबात नुकसान शून्य धरलं असेल तेव्हा. ‘जमीन पडीक आहे, काहीच जाणार नाही’ असं त्यांनी लिहिलं असेल तर तुम्ही नाचणीचं, वैरणीचं, झऱ्याचं मोल दाखवून तो शून्य खोटा पाडा. तेवढं झालं की थांबा. शून्य खोडण्यासाठी आकडा चांगला असतो, पण जंगलाची एकूण किंमत म्हणून तो कागदावर ठेवू नका.

चूक तिसरी: अंगभूत मूल्य म्हणजे कविता, असं समजणं

वरच्या दोन चुका कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘निसर्ग आपली आई आहे, आईला विकू नका’ अशी दोन पानं. भावना खरी असते, मला ती समजते, पण तक्त्यात त्या दोन पानांसमोर ‘नोंद घेतली’ एवढंच येतं. कारण त्यात नेमकं कुणाचं काय जाणार आहे हेच लिहिलेलं नसतं.

अंगभूत मूल्याची बाजू उपयोगाच्या बाजूपेक्षा जास्त मेहनत मागते. उपयोग सांगताना तुम्ही स्वतःबद्दल बोलता, ते तोंडपाठ असतं. इथे दुसऱ्याच्या वतीने बोलायचं आहे. तो दुसरा कोण आहे, कुठे राहतो, त्याचं भलं कशात आहे, हे माहीत असावं लागतं.

सड्याचंच बघू. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा पोटखराबा. लागवडीला नालायक, म्हणजे खराब. उपयोगाची नजर आपल्या महसुली शब्दांतच बसली आहे. त्यात भर म्हणून खाण प्रकल्पाचा पायाभूत अभ्यास साधारणपणे एकाच हंगामाचा मागतात, तोही पावसाळा सोडून. सर्वेक्षण करणारी माणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तेव्हा सडा काळा, तापलेला, मधे मधे वाळलेलं गवत. ते तसंच लिहून नेतात: विरळ वनस्पती, महत्त्वाचं काही आढळलं नाही. त्यांनी जे पाहिलं ते खोटं नसतं, पण सड्याचं जगणं जूनला सुरू होतं.

पहिल्या पावसानंतर दीपकाडी उगवते. पांढऱ्या फुलांची ही नाजूक वनस्पती कोकणातल्या सड्यांची, बाहेर कुठे नाही. मागोमाग उथळ डबक्यांच्या काठाने गेंद आणि सीतेची आसवं, मग पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदू. कातळावरचा सुटा दगड हळूच उचललात तर खाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल सापडू शकते. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस हे तिचं शास्त्रीय नाव. 1963 साली रत्नागिरी परिसरातूनच तिचं वर्णन झालं आणि ती दक्षिण कोकणातल्या अशा कातळावरच राहते. दगड उचललात तर परत होता तसाच ठेवा. तेवढंच तिचं घर असतं.

या पालीचा माणसाला कसलाही उपयोग नाही. ती औषधी नाही, पर्यटक तिच्यासाठी येत नाहीत, पिकाला तिची मदत असल्याचं कुणी म्हणत नाही. म्हणूनच मी तिला हरकतीत पहिल्या पानावर घेतो. ‘प’ ची परीक्षा ती सरळ पार करते. ती कातळाच्या सुट्या दगडांखाली राहते, कातळ फोडला की तिची जागा संपते आणि दुसरीकडे लावलेल्या झाडांखाली ती जाऊन राहत नाही. या वाक्याला टाकी किंवा टँकर हे उत्तर होत नाही.

मी लिहितो ते साधारण असं: ‘प्रस्तावित क्षेत्राच्या उत्तर कडेला, देवाच्या पाणवठ्यापासून दोनशे पावलांवर, अमुक तारखेला सकाळी आठ वाजता दगडाखाली ही पाल दिसली. छायाचित्र जोडले आहे. अहवालात या प्रजातीचा उल्लेख नाही, कारण सर्वेक्षण फेब्रुवारीत झाले. या सड्यावर तिचे आणि सोबतच्या यादीतील वनस्पतींचे अस्तित्व माणसाच्या उपयोगावर अवलंबून नाही. ते नष्ट करण्याचे कारण अहवालात दिलेले नाही. पावसाळी सर्वेक्षणाशिवाय निर्णय घेऊ नये.’ यात भावनेचं विशेषण एकही नाही. जागा आहे, तारीख आहे, आणि शेवटी एक मागणी आहे जी हो किंवा नाही म्हणूनच निकाली काढावी लागते.

कोर्टात असलं चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी 15 एप्रिल 2013 चा सिंहांचा निकाल वाचावा. गीरच्या सिंहांना मध्य प्रदेशातल्या कुनोत दुसरं घर द्यायचं की नाही, असा तो वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने मानवकेंद्री विचार बाजूला ठेवला, माणसाखेरीज इतर जीवांनाही स्वतःचं मूल्य आहे असं मानलं आणि त्या प्रजातीचं हित कशात आहे ही कसोटी लावली. हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करा. फक्त सोबत हेही लक्षात असू द्या की 2022 मध्ये त्याच कुनोत आफ्रिकेतले चित्ते आले आणि सिंह गीरमध्येच राहिले. तत्त्व मान्य होणं एक, आणि ते जमिनीवर उतरणं दुसरं.

चूक चौथी: नदीला माणूस म्हणा, की काम झालं

20 मार्च 2017 ला उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायद्याने व्यक्ती ठरवलं. तेव्हापासून दर दुसऱ्या हरकतीत ‘आमच्या नदीलाही व्यक्ती घोषित करा’ अशी ओळ असते. त्याच वर्षी 7 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, ही ओळ मात्र कुणी लिहीत नाही. राज्य सरकारच्या अडचणी साध्या होत्या. नदी अनेक राज्यांतून वाहते, मग तिचं पालकत्व एकट्या उत्तराखंडच्या अधिकाऱ्यांकडे कसं? आणि पुरात कुणाचं घर वाहून गेलं तर नुकसानभरपाई नदीकडून मागायची का?

न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई नदीला व्यक्ती ठरवणारा कायदाही मार्च 2017 मध्येच झाला आणि तो टिकला. माओरी लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लढ्यानंतर संसदेने तो केला. नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक सरकारने नेमलेला आणि एक माओरींनी. नदीच्या तब्येतीसाठी 3 कोटी न्यूझीलंड डॉलरचा वेगळा निधी. तिथे अंगभूत मूल्य हे नुसतं वाक्य राहिलं नाही. त्याला सही करणारा हात मिळाला आणि खर्चाला पैसे मिळाले. तुमच्या मागणीत पालक कोण, त्याने काय करायचं आणि खर्च कुठून करायचा, ही तीन उत्तरं नसतील तर ती ओळ खोडा. तिच्या जागी एक मोजता येणारी गोष्ट मागा: उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली इतकं पाणी वाहतं राहिलंच पाहिजे, कारण डोहातल्या माशांना ते लागतं.

चूक पाचवी: देवराई आणि नियमगिरी यांचे चुकीचे दाखले

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीविरुद्धचा विजय अंगभूत मूल्याचा, असं सर्रास लिहिलं जातं. 18 एप्रिल 2013 च्या निकालात न्यायालयाने डोंगराला स्वतःचा हक्क दिला नव्हता. डोंगरिया कोंध आणि तिथल्या इतर वनवासींचे धार्मिक व सामुदायिक हक्क वनहक्क कायद्याखाली तपासायचं काम ग्रामसभांवर सोपवलं. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. हे ना पालीसारखं अंगभूत मूल्य, ना टाकीने भरून निघणारा उपयोग. हे नात्याचं मूल्य आहे: तो डोंगर त्यांच्या नियमराजा या देवाचा आहे आणि ते त्याचे आहेत.

आपली देवराई याच जातीची. काळकाईची, वाघजाईची, भैरोबाची राई लोक राखतात ते ती देवाची म्हणून. कौल लावल्याशिवाय फांदी तुटत नाही. हा मुद्दा भक्कम असतो, पण त्याचा पुरावा वेगळा लागतो: गावाची वहिवाट, जत्रेची तिथी, कौलाची रीत, ग्रामसभेचा ठराव. आणि त्याची मर्यादाही ओळखा. देवळाला सिमेंटचा नवा मंडप हवा म्हणून गावानेच राई तोडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. नातं बदललं तर त्यावर उभा वादही बदलतो. म्हणून देवराईच्या हरकतीतही तिथल्या जुन्या वेलींची, ढोलीतल्या घुबडाची नोंद स्वतंत्र परिच्छेदात ठेवा.

लहान चुका, एकेक ओळीत

‘जंगल असलं की पूर येत नाही’ असं लिहू नका. लहान पुरांना जंगल आवरतं, अतिवृष्टीच्या महापुराला नाही.

एकाच मजकुरावर चारशे सह्या मारलेली चारशे पत्रं तक्त्यात एकच ओळ होतात. वीस माणसांनी वीस वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर वीस ओळी होतात.

फक्त कार्बनवर बोलाल तर समोरून अकेशियासारख्या भराभर वाढणाऱ्या झाडांची लागवड मिळेल.

सड्यावर ‘हरित कोकण’ म्हणून झाडं लावू नका. खड्डे खणून माती भरली की दीपकाडीची जागा जाते.

दुसऱ्या जिल्ह्याची हरकत नेटवरून उचलून नावं बदलू नका. मी एका सड्याच्या हरकतीत सागाच्या जंगलातल्या प्राण्यांची यादी वाचली आहे, आणि समोरच्या सल्लागाराने ती भर मंडपात वाचून दाखवली.

आणि आदल्या रात्री लिहायला बसू नका. ज्यांना सड्यावर तीन वेळा, पावसाआधी, पावसात आणि पावसानंतर, चढून जायला वेळ नाही, त्यांनी पालीच्या वतीने बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या चुकीतल्या त्या गावाच्या पलीकडच्या खोऱ्यात तीन वर्षांनी दुसरी सुनावणी लागली. यावेळी आमच्याकडे बादलीच्या दोन वर्षांच्या नोंदी होत्या आणि जून ते सप्टेंबरची वनस्पतींची यादी होती, शाळेतल्या मुलांनी गोळा केलेली, तारखांसकट. हरकत चार पानांची. पहिल्या दोन पानांवर सडा आणि व्हाळ, नंतरच्या दोनांवर आम्ही. इतिवृत्त वाचून दाखवताना मी प्रत्येक मुद्द्यावर टिकमार्क करत गेलो. दोन मुद्दे वगळले होते. मी उभा राहिलो, चित्रीकरण चालू असताना ते पुन्हा वाचले आणि नोंदवून घ्यायला लावले.

तक्ता आला तेव्हा पाण्याच्या मुद्द्यांसमोर पुन्हा टाकी आणि नळ होते. पालीच्या मुद्द्यासमोर मात्र ‘तपासून कळवू’ असं लिहिलं होतं. पुढे समितीने पावसाळी सर्वेक्षण मागवलं आणि प्रकरण वर्षभर लांबलं. अंतिम निर्णय अजून झालेला नाही. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा सड्यावर जाणार आहोत. त्या आजी आता चढू शकत नाहीत, पण व्हाळात खेकडे वर आले का ते त्या खालून कळवतात, आणि ती तारीख मी वहीत लिहितो.